चौथ्या रांगेतला हत्ती

जळगावच्या घरात मी त्याचं नाव कधी घेतलं नाही. तेव्हाच्या बायका घेत नसत. "हे आले", "ह्यांचं जेवण झालं" असंच चालायचं. आता लिहिताना मात्र मी त्याला 'तो' म्हणणार आहे. माझ्या भाचीने ही पानं वाचली आणि म्हणाली, "आत्या, एवढं कशाला? तो माणूस जाऊनही वर्षं झाली." झाली असतील. मी अजून आहे ना.

तो जळगावला वकील होता. एरंडोलकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातला शिकलेला पहिला मुलगा. आईबाप लहानपणीच गेले, चुलत्यांनी वाढवला, त्यांनीच पुण्याला पाठवून वकील केला. चुलत्यांना सगळे नाना म्हणत, मीही म्हणायचे. आमचं घर पिंपळनेरकडचं, शेतीचंच. माझा थोरला भाऊ त्याच्याबरोबर कायदा शिकला आणि त्या ओळखीतून माझं लग्न झालं. मराठी शाळेच्या चार बुकांपुढे माझं शिक्षण गेलेलं नव्हतं.

बुद्धिबळ मला त्यानेच शिकवलं. प्रेमाने वगैरे नव्हे. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असायची आणि जळगावच्या उन्हात दुपारी कुणी मित्र घराबाहेर पडायचा नाही. समोर बसायला कुणीतरी हवं, म्हणून मी. नाना आणि त्यांच्या वयाची माणसं देशी पद्धतीने खेळत. तो विलायती कायद्याने खेळायचा, प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जायचं आणि शेवटच्या घरात पोचलं की वजीर करता यायचा. सोंगट्या कशा चालतात ते त्याने मला एका दुपारी सांगितलं आणि दुसऱ्या दुपारपासून हरवायला सुरुवात केली. त्याला जिंकायला आवडायचं. समोर कोण आहे याने त्याला फरक पडत नसे.

पहिलं वर्ष मी हरत गेले. नंतर कधीकधी माझा डाव चांगला होऊ लागला. तसं झालं की तो घड्याळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "चल, चहा ठेव." मी उठून चुलीपाशी गेले की सोंगट्या डब्यात भरलेल्या असायच्या. मी कधी विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती, पण बघत मात्र होते.

एका रविवारी आमचा डाव त्याच्या मित्रांसमोर झाला. माडीवर चारपाच वकील जमले होते. एकाने सहज विचारलं, "वहिनी खेळतात म्हणे?" त्याला कौतुक करून घ्यायची हौस होती, म्हणून त्याने मला वर बोलावलं. मी पदर सावरून बसले. मित्र बघत होते म्हणून असेल, तो घाईने खेळला. त्याचा एक घोडा फुकट गेला, मग माझाही एक उंट गेला, मारामारी होत होत दोघांकडे एकेक हत्ती उरला आणि माझ्याकडे एक प्यादं जास्त.

तो डाव मला आजही पाठ आहे. माझं प्यादं घोड्याच्या पट्टीत, शेवटच्या घराच्या एक घर अलीकडे. शेवटच्या घरात उभा होता माझाच राजा. तो बाजूला झाल्याशिवाय प्याद्याला वजीर होता येईना. एका अंगाला पटाच्या कडेच्या पट्टीत त्याचा हत्ती, त्यामुळे तिकडून निघता येत नव्हतं. दुसऱ्या अंगाला वाट मोकळी होती. त्याचा राजा तिकडेच होता, पण मध्ये माझ्या हत्तीने एक उभी पट्टी धरून ठेवली होती आणि ती ओलांडून त्याला जवळ येता येत नव्हतं. मित्र म्हणाले, "वहिनींनी मारलं राव!" मलाही तसंच वाटलं.

मी राजा मोकळ्या बाजूने बाहेर काढला. त्याने हत्तीने शह दिला. मी राजा प्याद्याच्या मागे घेतला. पुन्हा शह. मी कडेच्या पट्टीत गेले. पुन्हा शह. आता प्याद्याच्या मागे परत जायचं नसेल तर एकच घर, प्याद्याच्या पुढचं, जिथून निघाले होते तेच. परत बाहेर काढला, परत तोच फेरा, परत त्याच घरात. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तो मागे रेलला आणि हसायला लागला.

"बरोबरी," तो म्हणाला. "बघा रे, राजा घराला प्रदक्षिणा घालून परत घरात. बायकांचा राजा घरातच बरा."

सगळे हसले. मीही हसले असेन. मग खाली येऊन सगळ्यांसाठी चहा केला.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी विसरले असते. बायका अशा गोष्टी विसरतात, विसराव्याच लागतात. पण त्याच वर्षी दिवाळीनंतर त्याने दुसरं लग्न ठरवलं. आम्हाला मूल नव्हतं. मला सांगायला तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. तो आत येत नसे, दारातूनच बोलायचा. मी पोळ्या लाटत होते. "वाईट वाटून घेऊ नको," तो म्हणाला. मग त्याला काहीतरी सुचलं आणि सुचल्याचा आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर बघितला. "तुझं कसं झालं सांगू? त्या दिवशीच्या तुझ्या प्याद्यासारखं. सगळं झालं, शेवटचं घर तेवढं राहिलं. वजीर काही होत नाही."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं नाही. मला अजून त्याचं नवल वाटतं. ती पोळी पूर्ण लाटली, तव्यावर टाकली आणि फुगली तेव्हा उलटवली.

लग्नाच्या आधीच भाऊ धुळ्याहून येऊन मला घेऊन गेला. तेव्हा कायद्याने दोन बायका करता येत होत्या, आणि भाऊ वकील असूनही त्याला काही करता आलं नाही. येताना मी माझं सामान आणलं. बुद्धिबळाचा पट आणला नाही, तो त्याचा होता.

धुळ्याला पहिली दोन वर्षं मी नुसती होते, एवढंच म्हणता येईल. मग राहिलेल्या इयत्ता पुऱ्या केल्या, ट्रेनिंग केलं आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. भावाकडे संध्याकाळी त्याचे मित्र जमत. त्यांत एक डॉक्टर होते. विधुर, बोलायला अतिशय हळू, खेळायला त्याहून हळू. वाचनालयात बुद्धिबळाचं मंडळ होतं, डॉक्टर आणि भाऊ त्यात खेळत. एकदा भाऊ अडकला आणि डॉक्टर वाट बघत एकटेच पट मांडून बसले होते. मी चहा घेऊन गेले. माझी नजर पटावर गेली. ती तशी गेलेली त्यांनी बघितली.

"अक्का, खेळता?" घरात मला सगळेच अक्का म्हणत, थोरला भाऊसुद्धा.

"खेळत होते."

"मग बसा की."

मी बसले आणि हरले. पण ते चहा ठेवायला सांगत नसत. डाव संपला की सोंगट्या मागे मागे नेऊन कुठे चुकलं ते दाखवत. असं महिनाभर झाल्यावर एका संध्याकाळी मी त्यांच्यासमोर तो डाव मांडला. शेवटच्या घरात राजा, त्याच्या पाठीशी प्यादं, कडेला वैऱ्याचा हत्ती. कुणाचा डाव ते सांगितलं नाही. फक्त विचारलं, "डॉक्टर, हा जिंकता येतो का?"

डॉक्टर हसले. "हा तर डोळे मिटून जिंकता येतो. जुना डाव आहे, इंग्रजी पुस्तकांत याला नाव आहे. पूल बांधणं म्हणतात."

मला वाटत होतं तो डाव बरोबरीचाच असेल आणि माझं नशीब तसं. आणि हे सांगत होते, डोळे मिटून. माडीवर बसलेल्या त्या सगळ्या वकिलांना ते माहीत नव्हतं. त्यालाही माहीत नव्हतं. तो हसला होता, पण वाचला होता तो आम्हा दोघांच्या अज्ञानाने, आणि तेच माझं नशीब म्हणून माझ्या पदरात टाकलं होतं.

"दाखवा," मी म्हणाले.

"राजा काढायची घाई करायची नाही," डॉक्टर म्हणाले. "राजा बाहेर आला की शह बसणारच. ते शह अडवायला आधी काहीतरी हवं. हत्ती इथे आणायचा." त्यांनी माझा हत्ती त्याच पट्टीत आपल्याकडून चौथ्या रांगेत ठेवला. "बघायला काहीच केलं नाही असं वाटतं. आता काढा राजा."

मी काढला. त्यांनी शह दिला. मी प्याद्याच्या मागे आले. शह. आता मी सवयीने कडेला जाणार, तर त्यांनी माझा हात थांबवला. "तिकडे नाही, तो परत घरात जायचा रस्ता आहे. खाली उतरा, हत्तीच्या दिशेने." मी राजा खाली उतरवला. शह. आणखी एक घर खाली. शेवटचा शह आला तेव्हा डॉक्टरांनी फक्त बोट दाखवलं. माझा हत्ती चौथ्या रांगेतून आडवा सरकला आणि राजाच्या आणि वैऱ्याच्या हत्तीच्या मध्ये येऊन उभा राहिला. झालं. शह संपले. त्याने हत्ती मारला तर माझा राजा त्याला मारणार, आणि प्यादं पुढच्या खेळीला वजीर.

"हा पूल," डॉक्टर म्हणाले.

त्या रात्री मी झोपले नाही असं म्हणणार नाही, चांगली झोपले. पण दुसऱ्या दिवसापासून तो डाव मी मांडू लागले. पाटीवर खडूने घरं आखायची आणि चिंचोक्यांना सोंगट्या मानायचं. राजाने शह चुकवत कुठे उतरायचं ते मला हातातल्या बांगड्यांइतकं सवयीचं झालं. डॉक्टरांनी मला दुसरी बाजूही शिकवली. म्हणजे अशा डावात दुबळ्याने स्वतःला वाचवायचं कसं. "प्यादं पुढे आलं नाही तोवर हत्ती आपल्याकडून तिसऱ्या रांगेत उभा करायचा. मग वैऱ्याचा राजा पुढे येऊच शकत नाही. प्याद्याने पाऊल टाकलं की मगच हत्ती पार मागच्या टोकाला न्यायचा आणि तिथून शह द्यायचे. हे ज्याला येतं त्याचा डाव बरोबरीत सुटतो."

मी तेही शिकले. ते त्याला येतं की नाही, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हाच आला.

तीन-चार वर्षं गेली, मीही वाचनालयातल्या मंडळाची सभासद झाले. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. नाताळच्या सुट्टीत कोर्टं बंद असताना जळगावच्या मंडळाने धुळ्याच्या मंडळाशी सामना ठरवला. आठ पट, आठ जोड्या. भाऊ जळगावकरांची नावं वाचत होता. चौथ्या पटावर त्याचं नाव आलं तेव्हा भाऊ थांबला आणि माझ्याकडे न बघता पुढचं नाव वाचू लागला.

"चौथ्या पटावर आपल्याकडून कोण?" मी विचारलं.

"डॉक्टर."

"डॉक्टरांच्या जागी मला बसव."

भावाने नावांच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "अक्का, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते त्यांनी जळगावात म्हणून घेतलंय."

डॉक्टर कोपऱ्यात बसले होते. ते खोकले, खोटं खोटं. "मला त्या दिवशी ताप येणार आहे," ते म्हणाले. "डॉक्टर आहे मी, मला आधी कळतं."

सामन्याच्या दिवशी वाचनालयाच्या दालनात लांब बाकांवर पट मांडले होते. मी पांढरं नऊवारी नेसले होते, शाळेत नेसायचे तेच. तो आला. अंगाने सुटला होता, कोट चांगल्या कापडाचा. चौथ्या पटाजवळ आला आणि मला बघून थांबला. पहिल्यांदा त्याला वाटलं मी बघायला आले आहे. मग मी खुर्चीवर बसले.

"हे काय?" तो माझ्या भावाला म्हणाला. "मी बाईबरोबर खेळणार नाही."

जळगावकरांचे म्होरके एक निवृत्त मुन्सफ होते, म्हातारे आणि कडक. त्यांना आमची हकीकत माहीत होती की नाही, मला माहीत नाही. ते म्हणाले, "मंडळाच्या सभासद आहेत ना त्या? मग खेळा. नाही खेळलात तर पट त्यांचा, आणि सामन्यात एक गुण कमी झाला तर बाकीच्यांना उत्तर तुम्ही द्या."

तो बसला. हात पुढे करायची पद्धत होती. त्याने केला नाही, मीही केला नाही. डॉक्टर, तापाचे, आमच्या पाठीमागे उभे होते.

डावाची सुरुवात मी सांगत बसणार नाही. तो माझ्यापेक्षा चांगला खेळाडू होता, तेव्हाही आणि आधीही. पण मी त्याला वर्षानुवर्षं समोरून बघितलेलं होतं. कुणी बघतंय असं कळलं की तो देखणं खेळायला जायचा. त्या दिवशी बघणारे भरपूर होते. डावाच्या मध्यावर त्याने वजिराने हल्ला चढवला, मी वजिराला वजीर दिला, आणि हल्ला विरल्यावर त्याचं एक प्यादं पडलेलं निघालं. मग मी समोर येईल ती सोंगटी मारामारीत घालू लागले. घोड्याला घोडा, उंटाला उंट. त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. हत्तीहत्तीचा डाव उरला आणि माझं जास्तीचं प्यादं घोड्याच्या पट्टीत आहे हे दिसलं, तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. आणि हसला. त्याला माडीवरचा रविवार आठवला होता. मला कळलं, कारण मलाही तोच आठवत होता.

तेव्हा त्याला वाचायला जागा होती. माझा राजा अजून मागे होता, प्यादंही. त्याने हत्ती तिसऱ्या रांगेत उभा केला असता तर मला काही करता आलं नसतं. त्याचा हात हत्तीवर गेला, थांबला, आणि त्याने हत्ती मागे नेऊन कडेच्या पट्टीत ठेवला. त्याला माहीत नव्हतं असं नाही, मला आजही तसंच वाटतं. पण त्याला बरोबरी नको होती. त्याला परत तोच डाव हवा होता, तीच प्रदक्षिणा, सगळ्यांसमोर.

मी राजा पुढे नेला, प्यादं पुढे नेलं. राजा शेवटच्या घरात, प्यादं त्याच्या पाठीशी. मागे उभे असलेले लोक कुजबुजू लागले.

"बरोबरी देतो," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "उगाच फेऱ्या कशाला घालायच्या?"

"नको," मी म्हणाले. "खेळा."

मी पहिल्यांदा हत्तीने शह दिला, म्हणजे त्याचा राजा माझ्यापासून आणखी एक पट्टी लांब गेला. मग हत्ती चौथ्या रांगेत आणला.

तो हसतच होता. ती खेळी बघून कुणालाही हसू आलं असतं, हत्ती पटाच्या मधोमध येऊन नुसता उभा राहिला होता. त्याला दुसरं काही करायचं नव्हतं म्हणून त्याने आपला हत्ती कडेच्या पट्टीतच एक घर मागे सरकवला. मी राजा बाहेर काढला. त्याने शह दिला, सोंगटी पटावर आपटून. मी प्याद्याच्या मागे आले. शह, पुन्हा आपटून. आता त्याने कडेच्या पट्टीकडे बघितलं. माझा राजा तिकडे जाणार म्हणून त्याचे डोळे आधीच तिथे पोचले होते.

मी राजा खाली उतरवला.

त्याचं हसू राहिलं, पण डोळे परत आले. शह. मी आणखी एक घर उतरले. आता माझा राजा माझ्या हत्तीच्या जवळ होता. त्याने शह दिला, या वेळी आपटला नाही. मी हत्ती उचलला आणि आडवा सरकवून मध्ये ठेवला. अगदी हळू ठेवला. मला त्याचा आवाजसुद्धा नको होता.

तो बघत राहिला. बराच वेळ. पटाभोवती बाकीच्या जोड्यांचे लोकही येऊन उभे राहिले होते. शेवटी त्याने माझा हत्ती मारला, मी राजाने त्याचा मारला. त्याने राजा पुढे आणला, आणि माझं प्यादं शेवटच्या घरात जाऊन वजीर झालं.

तेव्हा त्याने हाताने सोंगट्या मोडल्या. दोनतीन खाली पडल्या. "योगायोग," तो म्हणाला आणि उठू लागला.

"बसा," मी म्हणाले.

त्या एका शब्दासाठी मी इतकी वर्षं जेवले-खाल्ले होते असं मला वाटलं. तो उभाच राहिला. मी वाकून खाली पडलेल्या सोंगट्या उचलल्या आणि पट परत मांडला, माझा हत्ती चौथ्या रांगेत, राजा शेवटच्या घरात, त्याचा राजा, त्याचा हत्ती, सगळं जागच्या जागी. "योगायोग असेल तर परत खेळा. या वेळी वेगळं खेळा. शह द्यायचे की नाही तुम्ही ठरवा."

निवृत्त मुन्सफ त्याच्या पाठीमागे होते. ते म्हणाले, "डाव तर झाला. पण मलाही बघायचंय. बसा ना वकीलसाहेब."

त्याला बसावं लागलं. आता तो खरा विचार करत होता, कपाळावर घाम होता. त्याने पहिले शह तसेच दिले, आणि माझा राजा खाली उतरल्यावर शह द्यायचं सोडून स्वतःचा राजा पुढे आणला. डॉक्टरांनी मला हेही करून दाखवलेलं होतं. मी हत्तीने शह देऊन त्याचा राजा मागे ढकलला, हत्ती एक रांग वर, पाचव्या रांगेत ठेवला, आणि पूल तिथे बांधला. त्याने तिसऱ्यांदा मांडायला सांगितलं नाही. मीच मांडणार होते, पण डॉक्टरांनी हळूच खांद्याला हात लावला.

त्याला म्हणायचं एक वाक्य मी पाठ करून आणलं होतं. चांगलं होतं, त्याच्या दारातल्या वाक्यापेक्षा चांगलं. मी ते बोलले नाही. दयेने नव्हे. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि वाटलं, आता बोललं तर त्याला माझ्या बोलण्याचा राग यायला जागा मिळेल. न बोललं तर त्याच्याकडे पटाखेरीज काही राहणार नाही. त्याला तो पटच घेऊन जळगावला जाऊ दे.

सामना कुणी जिंकला ते मला आठवत नाही. भावाला आठवतं, तो म्हणतो आपण.

होळीच्या सुमाराला नाना आले, त्याचे चुलते. एरंडोलहून मोटारीने, धुळीने माखलेले, म्हातारे झालेले. भावाने त्यांना बसवलं. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला, त्यांना तोच आवडायचा. जेवून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पोरी, बठ्ठं इसरी जाय," ते म्हणाले. "घर तुनंच शे. तो चुकना, मी मानस. मीच त्याले सांगं, तुले आनसू म्हनीसन."

म्हणजे सगळं विसर, घर तुझंच आहे, तो चुकला हे मी मानतो, आणि तुला आणतो असं मीच त्याला सांगून आलोय. जळगावात बार रूममध्ये काय बोललं जातं ते भावाच्या कानावर आधीच आलं होतं. कुणी त्याला वहिनींचा हत्ती कसा आहे विचारायचं, कुणी पटावर हत्ती चौथ्या रांगेत ठेवून जायचं. तो नानांना हो म्हणाला, कारण त्या घरात मी परत गेले तर ते सगळं थांबेल असं त्याला वाटत होतं. भांडण मिटलं की हरणंही मिटतं, हा त्याचा हिशेब.

"नाना," मी म्हणाले, "तुम्ही आलात म्हणून पायाशी बसून सांगते. मी येणार नाही. त्यांना म्हणावं, खेळायचं असेल तर दर रविवारी वाचनालयात मंडळ भरतं. मी तिथे असते."

भाऊ अवघडून खिडकीबाहेर बघत होता. मी माघार घेईन म्हणून नाना थोडा वेळ थांबले असावेत. मग उठले. उपरणं खांद्यावर टाकलं. दारापाशी गेल्यावर वळले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "पोरी, खरंच तो हारना का?"

"हो नाना."

"बठ्ठासमोर?"

"सगळ्यांसमोर. आणि मग परत एकदा."

नानांनी उपरण्याचं टोक तोंडाला लावलं. हसण्याने खांदे हलताना मला दिसले. त्या पोराला त्यांनी वाढवलं होतं, शिकवलं होतं, आणि कुणास ठाऊक दारातून बोलणाऱ्याने त्यांनाही कधी काय ऐकवलं होतं. मग त्यांनी तोंड पुसलं, चेहरा नीट केला आणि भावाला म्हणाले, "चाल, मोटार चुकी जाई."

भाऊ त्यांना सोडून आला तेव्हा मी मुलींच्या वह्या तपासत बसले होते. तो म्हणाला, "नानांना एवढं कडक बोलायला नको होतं." त्या रविवारी आणि पुढच्या रविवारी मी वाचनालयात वेळेआधी गेले आणि दाराकडे तोंड करून बसले. तो आला नाही. पण मी बरेच रविवार तिथेच बसत गेले, दाराकडे तोंड करूनच.